कर विभागास खुलं पत्र: "करण्यात यावी" म्हणजे नक्की कोणी करायचं?

मा. मुख्याधिकारी साहेब आणि नगरपरिषदेच्या कर विभागातल्या सगळ्यांना,

नमस्कार.

घरपट्टीच्या खिडकीवर मध्यंतरी एक कागद लागला होता. तुमच्याकडे नवीन रुजू झालेल्या एका क्लार्कने स्केचपेनने लिहून चिकटवलेला. त्यावर होतं: "मागची पावती आणा. पावती नसेल तर मालमत्ता क्रमांक सांगा. चेक देणार असाल तर चेकच्या मागे मोबाईल नंबर लिहा." बस एवढंच. लोक रांगेत उभे राहून वाचायचे आणि खिडकीपाशी पोचेपर्यंत पावती हातात काढून ठेवायचे. मग कोणीतरी वरिष्ठांनी तो कागद काढायला लावला, म्हणे ही भाषा कार्यालयाला शोभत नाही, आणि त्या जागी टाइप केलेला, शिक्का मारलेला हा कागद आला:

"मालमत्ता कराचा भरणा करणेकामी येणाऱ्या नागरिकांनी मागील भरणा पावती सोबत आणणे अनिवार्य आहे. पावती उपलब्ध नसल्यास मालमत्ता क्रमांकाची माहिती उपलब्ध करून देण्यात यावी. धनादेशाद्वारे भरणा करावयाचा असल्यास धनादेशाच्या मागील बाजूस भ्रमणध्वनी क्रमांकाची नोंद करण्यात यावी."

पहिला कागद 18 शब्दांचा, दुसरा 35 चा. माहिती मात्र तीच, एक कणही जास्त नाही. उलट एक घोळ वाढला, तो तुमच्यापैकी कोणाच्या लक्षात आला का माहीत नाही. पहिल्या वाक्यात पावती आणणं "अनिवार्य" आहे आणि दुसऱ्याच वाक्यात पावती नसली तरी चालतंय. मग अनिवार्य कसलं? त्या पोराने "आणा" आणि "नसेल तर सांगा" असं लिहिलं होतं, त्यात हा घोळ शक्यच नव्हता.

मी तुमच्या गेटासमोर झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान चालवतो. लोकांचे अर्जही लिहून देतो. तुमच्याकडून निघालेला कागद लोकांच्या हातात पडला की त्यातले बरेच जण तो घेऊन आधी माझ्याकडे येतात आणि विचारतात, "यात काय लिहिलंय बघा ना." यात निरक्षर माणसं कमी, पेपर रोज वाचणारी जास्त. म्हणजे मराठी वाचता येणाऱ्या माणसाला मराठी नोटीस समजावून सांगायचं काम माझ्याकडे आहे, झेरॉक्सचे पैसे घेतो, या कामाचे घेत नाही. खिडकीवरचा कागद बदलला ही तशी छोटी गोष्ट, पण तेच वळण फेरआकारणीच्या नोटिशीत आहे आणि तिथे लोकांचं नुकसान होतंय, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितोय.

दर चार वर्षांनी फेरआकारणी होते, यंदा झाली, घरोघरी नोटिसा गेल्या. त्यातलं मुख्य वाक्य जसंच्या तसं देतो:

"उपरोक्त विषयान्वये आपणांस कळविण्यात येते की, आपल्या मालमत्तेच्या सुधारित कर आकारणीच्या अनुषंगाने आपली काही हरकत असल्यास सदर हरकतीबाबतचा लेखी अर्ज आवश्यक त्या कागदपत्रांच्या पूर्ततेसह ही नोटीस प्राप्त झाल्याच्या दिनांकापासून 30 दिवसांच्या आत या कार्यालयाकडे सादर करण्याची कार्यवाही करण्यात यावी, अन्यथा आपली काहीएक हरकत नाही असे गृहीत धरून कर आकारणी अंतिम करण्यात येईल याची नोंद घेण्यात यावी."

एक वाक्य, 56 शब्द. आमच्या आळीत एसटीतून रिटायर झालेले एक काका आहेत, त्यांनी हे वाक्य नीट वाचलं. त्यांच्या घरामागचा पत्र्याचा आडोसा तुमच्या मोजणीत पक्की खोली म्हणून धरला गेलाय, त्यामुळे कर जवळजवळ दीडपट झालाय, म्हणजे हरकत घ्यायला कारण अगदी पक्कं. पण "कार्यवाही करण्यात यावी" हे वाचून त्यांनी काय अर्थ लावला, तर कार्यवाही ऑफिस करतं, आपण काय करणार, म्हणजे कोणीतरी येईल, कागद मागेल, तेव्हा देऊ. आणि थांबले. मुदत गेल्यावर बिल घेऊन माझ्याकडे आले. मी सांगितलं, काका, कार्यवाही तुम्ही करायची होती. त्यावर ते म्हणाले, "मग तसं लिहायला काय झालं होतं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. तुमच्याकडे असेल तर द्या. तोवर माझ्या तक्रारी मांडतो.

पहिली तक्रार हीच, की वाक्यातून माणूस गायब होतो. हे कसं होतं ते बघा. मराठीत क्रियापदाच्या शेपटातच माणूस असतो. "जोडा" म्हटलं की जोडायचं तुम्ही. "कळवू" म्हटलं की कळवणार आम्ही. वेगळं "आम्ही", "तुम्ही" लिहायचीसुद्धा गरज नाही, एका शब्दात काम आणि ते करणारा दोघंही बसतात. एवढी सोय फुकटात मिळालेली असताना आपण काय करतो, तर त्या क्रियापदाचं नाम करतो, कळवणेचं "कळविण्यात", सादर करणेचं "सादर करण्याची कार्यवाही", आणि मग वाक्य संपवायला पुन्हा एक क्रियापद लागतं म्हणून मागे "येते", "यावी", "येईल" लावतो. या "येईल"ला कर्ताच लागत नाही. "कर अंतिम करण्यात येईल", कोण करणार? "अर्ज सादर करण्यात यावा", कोणी करायचा? दोन्ही वाक्यांचा साचा एकच, पण एकात करणारे तुम्ही आणि दुसऱ्यात आम्ही, आणि हे वाचणाऱ्याने अंदाजाने ओळखायचं. काकांनी चुकीचं वाचलं असं मला तरी वाटत नाही. त्या साच्यातून दोन्ही अर्थ निघतात, त्यांनी त्यातला एक धरला.

हा साचा सोडवायला काही मोठी विद्या लागत नाही. तुमच्याच नोटिशीतला एक तुकडा घेतो आणि पायरी पायरीने उतरवतो.

"अर्ज सादर करण्याची कार्यवाही करण्यात यावी."

यातली "कार्यवाही" काढा. "अर्ज सादर करण्यात यावा." काय गेलं? काहीच नाही, कारण अर्ज सादर करणं हीच ती कार्यवाही होती, सादर करणं एकदा सांगून झालं आणि वर तेच दुसऱ्या नावाने पुन्हा.

आता "करण्यात यावा" काढा. "अर्ज सादर करावा." किंवा "अर्ज सादर करा." इथे माणूस परत आला. काकांची मुदत या पायरीवर वाचली असती.

अजून एक पायरी आहे, "अर्ज द्या". ही घ्यायची की नाही ते तुम्ही ठरवा. "सादर करणे" हा काही वाईट शब्द नाही, लोकांना कळतो, मी त्यासाठी भांडणार नाही. माझं भांडण मधल्या दोन पायऱ्यांसाठी आहे.

असंच बाकीच्या कागदांतही करता येतं. पेन घ्या आणि वाक्यात "करणे, येणे, घेणे, देणे, ठेवणे" यातलं काहीही दिसलं की थांबा, आणि बघा की खरं काम त्या शब्दात आहे की त्याच्या आधीच्या नामात. "तपासणी करण्यात आली" यात काम तपासणीत आहे, "आली"मध्ये नाही, म्हणून "तपासली". "वाटप करण्यात येईल", "वाटू". "निवड करण्यात आली", "निवडलं". "करामध्ये वाढ करण्यात आलेली आहे", "कर वाढवला आहे". "रकमेचा भरणा करण्यात यावा", "रक्कम भरावी". बहुतेक वेळा नामाच्या पोटात क्रियापद आयतंच बसलेलं असतं, फक्त त्याला बाहेर काढायचं.

पाणीपुरवठ्याच्या फलकावर परवा होतं, "जलवाहिनी दुरुस्तीच्या कामास्तव गुरुवार रोजी पाणीपुरवठा बंद ठेवण्यात येणार असल्याने नागरिकांनी पाण्याचा पुरेसा साठा करून ठेवण्याबाबत दक्षता घ्यावी." याचं, "गुरुवारी पाइपलाइन दुरुस्त करणार आहोत, पाणी येणार नाही. बुधवारीच भरून ठेवा." तो विभाग तुमचा नाही हे माहितीये, पण कागद एकाच छापखान्यातून आल्यासारखे दिसतात म्हणून सांगितलं.

दुसरी तक्रार थोडी वेगळी आहे आणि मला ती जास्त महत्त्वाची वाटते. नाम वापरलं की माहिती न देताच दिल्यासारखी वाटते. "आवश्यक त्या कागदपत्रांच्या पूर्ततेसह." ऐकायला भरगच्च. आता याचं क्रियापद करून बघा: "कागदपत्रं जोडा." झालं की नाही लगेच उघडं? जोडा म्हटल्या म्हटल्या वाचणारा विचारतो, कोणती? क्रियापदाला काहीतरी जोडायला लागतं, ते नसलं तर वाक्य लंगडं दिसतं. "पूर्तता" मात्र मजेत उभी राहते, तिला काही लागत नाही, कशाची पूर्तता ते कोणी विचारतच नाही. म्हणून यंदा लोकांनी वाट्टेल ते आणलं, कोणी आधार, कोणी रेशनकार्ड, कोणी लाइटबिल, एका बाईंनी तर लग्नाचा दाखला आणला होता बिचाऱ्यांनी, आणि तुमच्या खिडकीवरून प्रत्येकाला "हे नाही, ते आणा" म्हणून परत पाठवलं. तुमचा वेळ गेला, त्यांचा खाडा झाला. खिडकीवर तोंडी जे सांगत होता ते नोटिशीत लिहायला कागदावर जागा भरपूर होती.

म्हणजे नुसतं वाक्य लहान करायचं एवढ्यापुरतं हे नाही. नामाचं क्रियापद करताना लिहिणाऱ्यालाच कळतं की आपण काय सांगायचं विसरलो. तुमच्या हाताखालच्या माणसाला नोटिशीचा मसुदा तपासायचा असेल तर यापेक्षा स्वस्त तपासणी नाही (आणि हो, इथे मी "तपासणी" हे नाम वापरलंय, त्यावर पुढे येतो).

तिसरी तक्रार उत्तरांबद्दल. हरकत दिली की तुमच्याकडून पोच येते, तिच्यात असतं: "आपल्या अर्जाच्या अनुषंगाने प्रत्यक्ष स्थळपाहणी करून नियमानुसार पुढील उचित कार्यवाही करण्यात येईल." हे वाक्य घेऊन माणूस माझ्याकडे येतो आणि विचारतो, म्हणजे झालं का माझं काम? मी काय सांगू. यात कोण येणार ते नाही, कधी येणार ते नाही, आणि आल्यावर काय ठरवणार तेही नाही. याचं सरळ मराठी असं होईल: "तुमची हरकत मिळाली. आमचे कर निरीक्षक घर पुन्हा मोजायला येतील. येण्याआधी फोन करतील. मोजल्यावर कर बदलतो की नाही ते पत्राने कळवू." हे तुमच्या वाक्यापेक्षा लांब आहे, मान्य. पण प्रत्येक तुकडा छोटा आहे आणि प्रत्येकात कोणीतरी काहीतरी करतंय. आणि समजा निरीक्षक कधी येतील हे तुम्हालाच ठाऊक नाही, तर तेही लिहा की, "कधी येतील ते अजून ठरलेलं नाही." लोक समजून घेतात हो. "उचित कार्यवाही" वाचून मात्र माणूस दर आठवड्याला चकरा मारतो, कारण त्याला वाटतं आतापर्यंत झाली असेल.

आता तुमची बाजू. हा विषय मी तुमच्या काही लोकांशी चहाच्या टपरीवर बोललोय, त्यांनी जे सांगितलं त्यात तथ्य आहे, काही ठिकाणी नाही, ते दोन्ही लिहितो.

एकजण म्हणाले, सरळ क्रियापद लावलं की भाषा उद्धट होते, "भरा", "आणा", "जोडा" असं नगरपरिषदेने नागरिकाला म्हणायचं का? मुद्दा बरोबर आहे, वयस्कर माणसाला "आणा" टोचू शकतं. पण मराठीत यावर उपाय आधीपासून आहे. "भरावा", "आणावी", "जोडावी." यात मान आहे, विनंती आहे, आणि तरीही ते एकच क्रियापद आहे. "भरण्यात यावा" हे "भरावा"पेक्षा जास्त नम्र आहे असं मला कोणी पटवून द्यावं. ते नम्र नाही, ते फक्त लांबून बोलल्यासारखं आहे. एक पथ्य मात्र पाळायला लागतं. "हरकत द्यावी" एवढंच असलं तर संदर्भाने कळतं, पण ज्या कागदात दोन्हीकडच्यांची कामं आहेत तिथे "नागरिकांनी", "कार्यालयाने" असं लिहायलाच हवं, कारण "-वी"त माणूस "-आ"इतका स्पष्ट नसतो. एका शब्दाचा खर्च आहे, करावा.

दुसरे म्हणाले, कोर्टात टिकायला हवं. ठीक आहे. कायद्याचं कलम, अधिनियमाचं नाव, "अन्वये", "सदर", जे काही तुमच्या वकिलांना लागतं ते नोटिशीच्या खालच्या भागात जसंच्या तसं राहू दे, मी त्याला हात लावा असं म्हणत नाही. वरच्या चार ओळी माणसासाठी, खालच्या आठ वकिलासाठी. पण हे म्हणताना एक विचारतो. महाराष्ट्र राजभाषा अधिनियम 1964 चा. त्याने कारभार मराठीत, देवनागरीत करायला सांगितला. "करण्यात यावे" असंच लिहा असं त्यात कुठं आहे? ती आपली सवय आहे, जुन्या फाइलीतला मसुदा काढायचा, तारीख बदलायची आणि पुढे सही. सवयीला कायदा म्हणू नका.

तिसरा मुद्दा खुद्द माझाच आहे, कारण हे करताना अतीही होऊ शकतं आणि मग हसं होतं. प्रत्येक नाम मोडायचं नसतं. "हरकत", "सुनावणी", "जप्ती", "आकारणी" ही कामांची नावं आहेत, त्यांना कायद्यात ठरलेला अर्थ आहे. "सुनावणीला या" हे चांगलं वाक्य आहे, त्याचं "तुमचं ऐकू तेव्हा या" केलं तर बावळटपणा. "पाहणी करतील" आणि "पाहतील" एक नाहीत, पाहणीत मोजणं येतं, लिहून घेणं येतं, सही येते. "चौकशी करणे" म्हणजे नुसतं "विचारणे" नव्हे, ज्याच्यावर चौकशी बसली त्याला विचारा. "दस्त नोंदणी" हा व्यवहार आहे, तिथे "नोंदवणे" चालतं पण ऑफिसचं नाव बदलायला नको. आणि मदत करणे, फोन करणे यांना मराठीत दुसरं क्रियापदच नाही, ती अशीच राहणार. वर कंसात मी "स्वस्त तपासणी" म्हटलं तेही यातलंच, तिथे मी त्या गोष्टीचं नाव घेत होतो, कोणाला काम सांगत नव्हतो. फरक ओळखायचा सोपा प्रश्न हा की इथे मी काहीतरी करायला सांगतोय किंवा केलेलं सांगतोय का? हो असेल तर क्रियापद. फक्त एखाद्या गोष्टीचं नाव घेतोय? मग नाम बिनधास्त राहू दे.

त्याच न्यायाने अर्जाच्या विषयातलं "मिळणेबाबत" मला अजिबात खटकत नाही. "विषय: घराचे फेरमोजमाप होऊन मिळणेबाबत." लोकच मला सांगतात, साहेबांच्या भाषेत लिहा हां, नाहीतर अर्ज बाजूला टाकतील. विषयाची ओळ म्हणजे फायलीवरची चिठ्ठी, आवक-जावकवाला ती बघून कागद कुठल्या टेबलावर टाकायचा ते ठरवतो, असू दे ती तशीच. खाली मजकुरात मात्र मी हल्ली लिहितो, "मागच्या बाजूचा पत्र्याचा आडोसा मोजणीत पक्की खोली धरला आहे. कृपया येऊन पुन्हा मोजावे." आधी याच जागी "सदर मोजमापामध्ये झालेल्या त्रुटीची दुरुस्ती होणेकामी योग्य ती कार्यवाही होणेस विनंती" असं असायचं, लोकांची तशी मागणी असायची. त्यातून तुमच्या क्लार्कलाही काय कळणार, त्रुटी कसली, कुठली? तो परत बोलावणार, "नक्की काय म्हणायचंय?"

आता कोणी म्हणेल की एवढं सगळं करून नोटीस किती लहान झाली? खरं सांगू, फार नाही. मी वरच्या 56 शब्दांच्या वाक्याचं नुसतं क्रियापदांत रूपांतर केलं तेव्हा हे झालं:

"तुमच्या मालमत्तेचा कर आम्ही नव्याने ठरवला आहे. तो मान्य नसेल तर ही नोटीस मिळाल्यापासून 30 दिवसांच्या आत लेखी अर्ज करा आणि सोबत कागदपत्रं जोडा. अर्ज आला नाही तर हाच कर कायम करू."

32 शब्द, तीन वाक्यं. मी "घर" न लिहिता "मालमत्ता"च ठेवलं कारण नोटीस दुकानांना आणि मोकळ्या प्लॉटलाही जाते, तिथे सोपा शब्द चुकीचा ठरला असता. पण मग "कोणती कागदपत्रं" हा प्रश्न आला, मग "हरकत दिल्यावर पुढे काय" हा आला, मग "तुम्ही किती मोजलंत ते तर सांगा" हा आला, आणि ते सगळं घातल्यावर नोटीस पुन्हा 62 शब्दांवर गेली, म्हणजे तुमच्यापेक्षा सहा शब्द जास्तच. पण तिच्यातलं सर्वांत लांब वाक्य 15 शब्दांचं आहे. तुमचं एकच वाक्य 56 चं होतं आणि त्यात यातलं निम्मंही नव्हतं. माझ्या मते हिशोब असा करायचा, पूर्ण कागद मोजण्यापेक्षा एका दमात किती वाचायला लागतं ते मोजायचं, आणि त्या दमात 30 दिवसांची मुदत कुठे आहे ते बघायचं. तुमच्या वाक्यात ती तिसाव्या शब्दावर आहे, "दिनांकापासून"च्या मागे दडून.

तर माझ्या मागण्या अशा.

खिडकीवरचा पहिला कागद परत लावा. "आणा" खटकत असेल तर "आणावी" करून लावा, हरकत नाही. आणि ज्याने तो लिहिला त्याला बोलणी खावी लागली असं ऐकलंय, तसं असेल तर ते मागे घ्या. काम त्याने चांगलं केलं होतं.

फेरआकारणीच्या नोटिशीचा नमुना पुढच्या छपाईआधी बदला. नागरिकाने काय करायचं, कधीपर्यंत करायचं, नाही केलं तर तुम्ही काय करणार, हे सगळ्यात वर, क्रियापदांत, एका वाक्यात एकच काम. कायद्याचा परिच्छेद त्याच्या खाली.

"करण्यात येईल" हे फक्त तिथेच ठेवा जिथे कोण करणार याने खरंच फरक पडत नाही. जिथे काम तुमचं आहे तिथे "करू" लिहा, शक्य असेल तिथे कोणाचं टेबल तेही लिहा. यात तुमची अडचण मला कळते, "करू" लिहिलं की उद्या कोणी विचारू शकतं की केलं का. विचारू दे की.

छापायच्या आधी मसुदा खिडकीच्या रांगेतल्या दोन-तीन लोकांना वाचायला द्या. समजलं का असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. विचारा, हे वाचून तुम्ही आता काय करणार? एकाने जरी "तुम्ही याल तेव्हा बघू" असं सांगितलं तर ते वाक्य पुन्हा लिहा.

आणि शेवटची, यंदा ज्यांची मुदत हुकली त्यांच्या हरकती एकदा घ्या. तुमच्या अधिकारात बसत असेल तर तुम्ही, नसेल तर ज्यांच्या अधिकारात बसतं त्यांच्याकडे प्रस्ताव पाठवा. किती जणांनी नोटीस चुकीची वाचली ते आम्ही आळीआळीने लिहून आणून देऊ, ते काम आमच्याकडे लागलं.

नमुना तयार करायला वेळ नाही असं होऊ नये म्हणून मी केलेला सोबत देतोय. तक्ता तुमचाच ठेवा, वरचा मजकूर हा घ्या किंवा यापेक्षा चांगला करा:

"तुमच्या मालमत्तेचा कर आम्ही नव्याने ठरवला आहे. जुना कर, नवा कर आणि आम्ही मोजलेलं क्षेत्रफळ खालच्या तक्त्यात दिलं आहे. हा कर मान्य नसेल तर ही नोटीस मिळाल्यापासून 30 दिवसांच्या आत आमच्याकडे लेखी हरकत द्यावी. हरकतीत काय चुकलं ते लिहावं आणि कराची मागची पावती व बांधकाम परवानगीची प्रत जोडावी. हरकत आली तर आम्ही सुनावणीची तारीख कळवू. आली नाही तर हाच कर कायम करू."

या पत्राला उत्तर द्याल तर दुकानाच्या पत्त्यावर पाठवा, मी ते काचेवर लावीन.

आपला,
गेटासमोरचा झेरॉक्सवाला आणि तुमचा करदाता